घड्याळाचा वादळ-अलार्म आणि दाबाचा आलेख: नागद्वारीला निघायचं की थांबायचं?

पायवाट_धंतोली | गुरुवार, रात्री १०:३५

नमस्कार मंडळी. शनिवारी रात्री आम्ही आठ जण नागपूरहून पचमढीला निघतोय. रविवारी पहाटे नागद्वारीची वाट धरायची असं ठरलंय. वाट वर्षातून यात्रेच्या दिवसांतच उघडते, त्यामुळे एरवीसारखं "पुढच्या महिन्यात जाऊ" म्हणता येत नाही.

आज दुपारी चारच्या सुमारास ऑफिसात बसले असताना माझ्या घड्याळाचा स्टॉर्म अलार्म वाजला. तीन तासांत ४ हेक्टापास्कल दाब उतरला की वाजायचा, अशी सेटिंग आहे. बाहेर पाहिलं तर ऊन-सावली, वारा साधाच. संध्याकाळपर्यंत पावसाचा थेंब नाही.

मंगळवारपासून आकडे लिहून ठेवतेय. घड्याळ बॅरोमीटर मोडवर लॉक केलंय आणि आकडे समुद्रसपाटीचे नाहीत, जागेवरचे आहेत.

घरी, दुसऱ्या मजल्यावर, रात्री १० वाजता: मंगळवार ९६७.४, बुधवार ९६६.१, आज ९६३.२
घरी, सकाळी ६ वाजता: बुधवार ९६६.०, आज ९६४.०
ऑफिसात, सहाव्या मजल्यावर माझ्या टेबलापाशी, दुपारी ४ वाजता: बुधवार ९६३.०, आज ९६०.६

हा अलार्म खरा मानायचा का? आणि आलेखात नेमकं काय बघायचं?

---

बर्डीवाला | गुरुवार, रात्री १०:५२

ताई, दाब पडला म्हणजे पाऊस येते, हे तं शाळेतच शिकवलं आपल्याले. तीन तासांत चार म्हणजे लय झाला. माझ्या मते जाऊच नका. आणि अलार्मची सेटिंग दोनवर आणून ठेवा, म्हणजे आणखी आधी समजन.

---

घाटवाट | गुरुवार, रात्री ११:१०

बर्डीवाला भाऊ, दोनवर आणली तर नागपुरात ते घड्याळ रोज दुपारी वाजेल, पाऊस असो की कोरडं ऊन. मी करून पाहिलंय आणि शेवटी अलार्म बंद करून टाकला.

पायवाट, एक विचारतो. आज दुपारी एकच्या आसपास तुम्ही कुठे होता? खाली उतरला होता का?

---

पायवाट_धंतोली | गुरुवार, रात्री ११:१८

हो, पाऊण ते दीड कँटीनमध्ये. ते तळमजल्यावर आहे. पण अलार्म चारला वाजला, मी वर येऊन अडीच तास झाले होते.

---

घाटवाट | गुरुवार, रात्री ११:३१

तिथेच उत्तर आहे. आजचा आलेख उघडा. एकच्या जागी एक छोटा उंचवटा दिसेल, पाऊण तासाचा, वर चढून परत खाली आलेला.

आपल्याकडे साधारण ९ मीटर चढलं की दाब १ हेक्टापास्कलने उतरतो. सहा मजले म्हणजे वीसेक मीटर, म्हणजे दोनच्या थोडं वर. बॅरोमीटर मोडवर लॉक केलेलं घड्याळ असं धरून चालतं की तुम्ही हललाच नाहीत आणि जे काही बदललं ते हवेमुळे. चार वाजता त्याने तीन तासांपूर्वीचा आकडा काढला, तो कँटीनमधला. आत्ताचा टेबलापाशीचा. त्या वजाबाकीत तुमचे सहा मजले आले.

उरलेला दोनेकचा उतार दुपारचा नेहमीचा. तो रोजच असतो, का असतो ते मला नीट सांगता येणार नाही. इथे हवामानातले एक काका आहेत, ते सांगतील. मला विचाराल तर अलार्म खोटा, बिनधास्त जा.

---

पायवाट_धंतोली | गुरुवार, रात्री ११:४०

उंचवटा आहे! बरोबर एकलाच. मला वाटलं होतं सेन्सरचा काही गोंधळ असेल.

---

मोहगाव_पॉइंट | शुक्रवार, सकाळी ६:५०

माझ्या घड्याळात नागपूरची उंची कधी २८०, कधी ३४० मीटर दाखवते. खरी तर ३१० च्या आसपास आहे ना? सकाळी एक, संध्याकाळी वेगळी. कसं दुरुस्त करायचं? ताईंचा प्रश्नही हाच आहे असं वाटतंय.

---

घाटवाट | शुक्रवार, सकाळी ७:१५

मोहगाव, त्यांचा प्रश्न तो नाही, उलट बाजूचा आहे. तुमचं घड्याळ उंचीच्या मोडवर आहे, त्यामुळे हवेतला बदलही ते उंची समजतं. दुपारी दाब ४ ने उतरला की तुम्ही घरात बसल्या जागी पस्तीसेक मीटर "चढता". चढाई सुरू करताना माहीत असलेल्या उंचीवर जुळवून घ्या, मग काही तास बरं चालतं. सविस्तर वेगळ्या धाग्यावर बोलू.

---

हवापाणी_सोनेगाव | शुक्रवार, सकाळी ८:०५

पायवाट, आधी तुमचं कौतुक. एकाच जागी, एकाच वेळेला आकडे घेतलेत आणि जागा बदलली तेव्हा तसं लिहिलंत. माझं आयुष्य निरीक्षणं घेण्यात गेलं. अशी नोंद असली की बोलायला आधार मिळतो.

घाटवाट यांनी अलार्मचं जे सांगितलं ते बरोबर आहे. पण त्यावरून "बिनधास्त जा" हा निष्कर्ष मला मान्य नाही. अलार्म खोटा होता. तुमचे आकडे मात्र खरंच काहीतरी सांगताहेत, आणि ते अलार्म पाहतो त्या जागी नाही.

दुपारच्या उताराचं आधी. वातावरणालाही भरती-ओहोटी असते, दिवसातून दोनदा. सकाळी दहाच्या आसपास दाब सर्वात वर, दुपारी चारच्या आसपास सर्वात खाली, रात्री दहाला पुन्हा वर आणि पहाटे चारला पुन्हा खाली. याला चंद्र नाही, सूर्य कारण आहे. वरच्या थरातला ओझोन आणि खालची वाफ ऊन शोषतात, हवा तापते आणि साऱ्या वातावरणात बारा तासांची लाट उठते. ही लाट विषुववृत्ताकडे मोठी आणि ध्रुवाकडे जाताना क्षीण होत जाते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत सकाळच्या माथ्यापासून दुपारच्या तळापर्यंत ४ ते ५ हेक्टापास्कल सहज जातात, पावसाळ्यात थोडे कमी. फिनलंडसारख्या देशात ती शोधावी लागते. तीन तासांत चार हा सुंटोच्या घड्याळांतला नियम अशा थंड प्रदेशांसाठी उत्तम आहे. तिथे वादळं थंड आणि उबदार हवेच्या सीमेबरोबर येतात, दाब झपाट्याने पडतो आणि त्या उतारात दुसरं काही मिसळलेलं नसतं. आपल्याकडे त्या चारातले दोन-अडीच रोजचीच ओहोटी खाऊन टाकते.

म्हणून आमच्या धंद्यात उष्ण कटिबंधासाठी वेगळी रीत आहे. तीन तासांचा बदल बाजूला ठेवायचा आणि चोवीस तासांचा पाहायचा. काल याच वेळी किती होता, आज किती. वेळ तीच, त्यामुळे ओहोटी दोन्हीकडे सारखी असते आणि वजाबाकीत निघून जाते. उरतो तो खरा बदल.

आता तुमच्या आकड्यांवर ही वजाबाकी करतो. बुधवारी रात्री १० ला आदल्या रात्रीपेक्षा १.३ कमी. गुरुवारी सकाळी ६ ला २.० कमी. गुरुवारी दुपारी ४ ला २.४ कमी. गुरुवारी रात्री १० ला २.९ कमी. चार वजाबाक्या, दोन वेगळ्या जागा, आणि प्रत्येक वेळी घसरण आधीपेक्षा मोठी. पावसाळ्यात एक-दीडचा फरक रोजच्या चढउतारात मोडतो, त्याकडे मी पाहिलंही नसतं. पण ओळीने वाढत जाऊन तीनच्या जवळ पोचलेली घसरण म्हणजे पूर्वेकडून एखादी प्रणाली सरकत असण्याची शक्यता चांगलीच आहे.

बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र ओडिशा, छत्तीसगडवरून पश्चिम-वायव्येला येतं तेव्हा आपल्याकडे दाब असाच उतरतो, दीड-दोन दिवस, हळूहळू. तीन तासांत त्याचा वाटा अर्धा हेक्टापास्कलसुद्धा नसतो. त्यामुळे तुमचा अलार्म त्यासाठी कधीच वाजणार नाही. ज्यासाठी वाजायला हवा त्यासाठी गप्प, आणि सहा मजल्यांसाठी वाजला.

हवामान खात्याचं आजचं पत्रक आणि उपग्रहाचं चित्र पाहा. घड्याळ फक्त इतकं सांगतं की पूर्वेकडे बघा.

---

पायवाट_धंतोली | शुक्रवार, सकाळी ८:४०

काका, मनापासून आभार. आज सकाळी ६ चा आकडा ९६१.३. म्हणजे कालपेक्षा २.७ कमी. पत्रकात ओडिशाच्या बाजूला कमी दाबाचं क्षेत्र दिलंय, ते छत्तीसगडकडे येईल असंही. विदर्भाला उद्यापासून ऑरेंज अलर्ट.

पण आमची वाट पचमढीत, आकडे नागपूरचे. ते तिथे लागू होतात का? तिथे पोचल्यावर घड्याळातून काय कळेल?

---

हवापाणी_सोनेगाव | शुक्रवार, सकाळी ९:२०

नागपूर ते पचमढी सरळ रेषेत दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर. अशी प्रणाली शेकडो किलोमीटर पसरलेली असते, दोन्ही गावं तिच्याच खाली येतात. त्यामुळे निघण्याआधीचे दोन-तीन दिवस घरच्या टेबलावर घेतलेला आलेख हा तुमचा सर्वात भरवशाचा आलेख आहे.

गाडी सुटली की तो तुटतो. सावनेर, छिंदवाडा, तामिया, मटकुली करत तुम्ही साडेसातशे मीटर चढाल. पचमढी १०६७ मीटरवर आहे. आलेख ८० च्या आसपास कोसळेल आणि त्याच्यात दोन-तीनचा खरा बदल शोधूनही सापडणार नाही. काही जण समुद्रसपाटीचा दाब लावून ठेवतात, म्हणजे घड्याळ उंची वजा करून दाखवेल. चालतं, पण उंची वीस मीटरने चुकली तरी आकडा दोनने चुकतो, आणि आपण शोधतोय तो बदल तेवढाच आहे.

मुक्कामी पोचलात की घड्याळ एका जागी ठेवून नवी नोंद सुरू करा. रात्री १० ते पहाटे ४ दाब उतरणारच, दीडेकपर्यंत. तेवढा उतरला तर नेहमीचं समजा. तीन-साडेतीन उतरला तर ते नेहमीचं नाही.

---

गडमंदिर_रामटेक | शुक्रवार, सकाळी १०:१०

काका, मला यात पडायचंच आहे, कारण माझा या घड्याळांवरचा विश्वासच उडालाय. मे महिन्यात रामटेकच्या डोंगरावर होतो. दुपारी साडेचार, आभाळ पश्चिमेकडून काळं झालं, पंधरा-वीस मिनिटांत वावटळ आणि गारा. वीज इतकी जवळ की मंदिराच्या भिंतीला चिकटून बसलो. घड्याळ एकदाही वाजलं नाही. नंतर आलेख पाहिला तर दाब उलट वर गेलेला! वादळात दाब वर कसा जाईल? सेन्सर खराब आहे म्हणून बदलून घ्यायचा विचार होता.

---

हवापाणी_सोनेगाव | शुक्रवार, सकाळी १०:५०

सेन्सर बदलू नका, त्याने अचूक नोंद केली.

उन्हाळ्यातला वळीव आणि पावसाळी कमी दाब ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. वळवाचा ढग पाच-दहा किलोमीटरचा, तासा-दोन तासांत उभा राहतो. त्याच्या आधी तुमच्या जागी दाब ठळक पडतोच असं नाही. ढगातून पाऊस आणि गारा पडताना हवा थंड आणि जड होते, खाली आदळून चहूकडे पसरते. तो थंड वारा तुमच्यापर्यंत पोचतो तेव्हा दाब काही मिनिटांत एक-दोनने वर उडतो आणि तापमान धाडकन उतरतं. आलेखावर वर जाणारा दात दिसतो. पण तो दिसतो तेव्हा वारा तुमच्या अंगावर आलेला असतो. म्हणजे या वादळाची पूर्वसूचना दाबमापकातून मिळत नाही, फक्त नंतरची नोंद मिळते. आलेख सपाट आहे म्हणून उन्हाळ्यातल्या दुपारी माथ्यावर थांबणं धोक्याचं आहे.

तिथे डोळे, कान आणि फोन. ढगाचा माथा फुलकोबीसारखा वर चढताना दिसला की उतरायला लागा, गडगडाट कानावर आला तर तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी ॲप २० ते ४० किलोमीटरमधल्या विजा दाखवतं. नागपूरच्या रडारचं चित्रही संकेतस्थळावर असतं.

---

घाटवाट | शुक्रवार, सकाळी ११:३०

काका, माझा "बिनधास्त जा" मी मागे घेतो, चोवीस तासांची वजाबाकी मी केलीच नव्हती. पण एका गोष्टीवर माझा अनुभव वेगळा आहे. उत्तराखंडात हिवाळी ट्रेकला आमच्या तंबूत रात्रभर दाब उतरत राहिला, पहाटे अलार्म वाजला आणि सकाळी हिमवर्षाव सुरू झाला. तिथे तीन तासांचा नियम उपयोगी पडला. मग तो आपल्याकडे पूर्णच निरुपयोगी म्हणायचा?

---

हवापाणी_सोनेगाव | शुक्रवार, दुपारी १२:१५

हिमालयात पश्चिमी विक्षोभ येतात, त्यांची चाल वेगळी, आणि तुम्ही रात्रभर एका जागी होतात. तरी रात्री दहा ते पहाटे चारचा नेहमीचा उतार तिथेही थोडा असतो, त्याने अलार्मला मदत केली असेल. किती, ते तुमचा त्या आधीच्या रात्रीचा आलेख पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

पूर्ण निरुपयोगी मी म्हणणार नाही. मुक्कामी घड्याळ एका जागी असेल आणि अलार्म रात्री सात ते दहामध्ये वाजला, म्हणजे दाब नेहमी चढायच्या वेळेला उतरत असेल, तर मी उठून बाहेर बघेन. दुपारी एक ते चारमध्ये वाजला तर आधी मजले मोजेन.

---

शुभदा_महाल | शुक्रवार, दुपारी ३:४०

तुमची चर्चा वाचली. आमच्या घरची नागद्वारीची वारी सासूबाईंच्या काळापासून. श्रावणात तिथे पाऊस नसतो असं होतच नाही. दाब पाहून कोणी थांबायला लागलं तर नागपंचमीला विदर्भातून एक माणूस जाणार नाही.

पायवाट ताई, पावसाने कोणी अडत नाही, नाल्याने अडतं. वर डोंगरात पाऊस पडून गेला की खाली ऊन असतानाही नाल्याला पाणी येतं, गढूळ, काड्या-पानं घेऊन. गढूळ पाणी दिसलं की पाय घालायचा नाही, बसून राहायचं. पाणी ओसरायला दोन तास लागोत की चार. सोबत सुकं खाणं आणि प्लास्टिक ठेवा.

---

हवापाणी_सोनेगाव | शुक्रवार, संध्याकाळी ५:०५

शुभदाताई, नाल्याचं तुम्ही सांगितलंत ते कुठलंही घड्याळ सांगू शकणार नाही. पण थांबण्याबद्दल मी असहमत आहे. श्रावणातली रोजची सर आणि अशा प्रणालीचा पाऊस यात फरक आहे. या प्रणालींचा सर्वात जोरदार पाऊस केंद्रावर नसतो, केंद्राच्या नैऋत्येला असतो. केंद्र उत्तर छत्तीसगडवरून मध्य प्रदेशाकडे गेलं तर आपण आणि सातपुड्याचा दक्षिण भाग नेमके त्या पट्ट्यात येतो. मग नाला दोन-चार तासांत ओसरत नाही.

---

पायवाट_धंतोली | शुक्रवार, रात्री १०:१५

आत्ताचा घरचा आकडा ९६१.९. काल रात्रीपेक्षा १.३ कमी. म्हणजे घसरण २.९ वरून १.३ वर आली. हे चांगलं लक्षण ना? गटातले चार जण म्हणताहेत, संकट टळलं, निघू या.

---

बर्डीवाला | शुक्रवार, रात्री १०:२२

हो ना ताई, दाब सावरून राहिला. आता टेन्शन नाही.

---

हवापाणी_सोनेगाव | शुक्रवार, रात्री १०:४८

थांबा. घसरण मंदावली, दाब वर आलेला नाही. काल रात्रीपेक्षा अजून कमीच आहे. मंदावण्याचे दोन अर्थ होतात. एक, प्रणाली दुबळी झाली. दुसरा, ती आपल्या सर्वात जवळच्या टप्प्यावर पोचत आली. तळाशी पोचताना कोणताही आलेख आधी सपाट होतो. यातलं कोणतं, हे एका ठिकाणच्या दाबावरून ठरत नाही. त्यासाठी नकाशा लागतो. पत्रकात केंद्राची जागा दिलेली असते, ती सकाळची आणि संध्याकाळची ताडून पाहा.

मी संध्याकाळचं पाहिलं. केंद्र छत्तीसगडच्या उत्तरेला आहे आणि अजून पश्चिमेला सरकतंय. मला दुसरा अर्थ जास्त पटतो. आणि नैऋत्येचा पाऊस केंद्र पुढे सरकताना आणि सरकल्यावरही पडतो, म्हणजे दाब चढायला लागल्यावरसुद्धा. चोवीस तासांची वजाबाकी शून्याच्या वर येऊन एक दिवस टिकली आणि पत्रकातला इशारा उतरला, की मी निघेन.

---

शुभदा_महाल | शुक्रवार, रात्री ११:०५

आमचा जथा सोमवारी रात्री निघतो, मंगळवारी पहाटे चढतो. तोवर वाट उघडी आहे. जागा आहे, यायचं तर या.

---

पायवाट_धंतोली | शनिवार, सकाळी ७:३०

सकाळी ६ ला ९६०.९. वजाबाकी ०.४ कमी. रात्रीपासून इथे संततधार सुरू आहे.

आम्ही पाच जणांनी शुभदाताईंबरोबर जायचं ठरवलं. तिघांना सुट्टी बदलून मिळत नाही, ते आज रात्री निघणारच म्हणतात. त्यांना एवढं पटवलंय की पचमढीत मुक्काम करायचा, रात्री १० ला आणि पहाटे ४ ला नोंद घ्यायची आणि पहाटे मंडळाच्या लोकांना नाल्याचं विचारल्याशिवाय वाटेला लागायचं नाही. माझं घड्याळ त्यांच्याकडे देतेय.

---

मोहगाव_पॉइंट | शनिवार, सकाळी ८:१०

ताई, घड्याळ देण्याआधी सेन्सरची भोकं बघितली का? माझ्या घड्याळात घामाचा मळ बसून आलेख दोन दिवस सरळ रेघ आणि मग एकदम पायरी, असा यायचा. पावसात चिखल लागला तर पुन्हा तेच होईल.

---

घाटवाट | शनिवार, सकाळी ८:२५

मोहगाव, हे फार वेळेवर सांगितलंत. पायवाट, कोमट साध्या पाण्याने धुवून, झटकून वाळू द्या. पिन किंवा सुई अजिबात घालायची नाही. नंतर एकदा सहा मजले चढून बघा, दोनचा फरक लगेच दिसला तर सेन्सर मोकळा आहे.

---

पायवाट_धंतोली | शनिवार, सकाळी ९:४०

धुतलं. मुलाला घेऊन वर गच्चीपर्यंत चढले, चार मजल्यांत १.३ उतरला. घड्याळ दुपारी त्यांच्या हातात जाईल. रात्री दहाचा आकडा आला की इथे टाकते.